रक्त चढवताना थंडी वाजली, कंबर दुखू लागली: वॉर्डमधला पहिला तास

रक्त चढवताना येणारा ताप बहुतेक वेळा निरुपद्रवी असतो. दात्याच्या पांढऱ्या पेशी आणि साठवणुकीत त्यांच्यातून सुटलेली द्रव्यं यामुळे अंग तापतं, थोडी थंडी वाजते आणि पॅरासिटामॉलने तासाभरात सगळं शांत होतं. अडचण एवढीच की चुकीच्या गटाचं रक्त शरीरात जाऊ लागलं तर त्याचीही सुरुवात अशाच तापाने आणि थंडीने होते. पहिल्या पाच मिनिटांत खाटेजवळ उभं राहून या दोन्हींतला फरक खात्रीने सांगता येत नाही. म्हणून 'नक्की काय झालंय' हे ठरवण्याआधी काही कामं हातावेगळी करावी लागतात, आणि ती ठरावीक क्रमाने.

रक्ताच्या रिअ‍ॅक्शन अनेक तऱ्हेच्या असतात. इथे त्यातली एकच घेतली आहे: एबीओ गट न जुळणाऱ्या लाल पेशी दिल्यामुळे होणारी तीव्र रिअ‍ॅक्शन. ती क्वचितच होते, पण झाली तर मिनिटांचा हिशोब असतो, आणि तिच्यासाठी बसवलेला क्रम बाकीच्या रिअ‍ॅक्शनमध्येही उपयोगी पडतो. खालची केस शिकवण्यासाठी रचलेली आहे, पण असं घडतं ते साधारण याच पद्धतीने. औषधांचे डोस आणि कागदपत्रं यांबाबत तुमच्या रुग्णालयाचा लेखी प्रोटोकॉल असेल तर तोच अंतिम.

आत काय होतं

ओ गटाच्या माणसाच्या रक्तद्रवात ए आणि बी या दोन्ही प्रतिजनांविरुद्धची प्रतिद्रव्यं लहानपणापासून तयार असतात. त्यासाठी आधी कधी रक्त घेतलेलं असावं लागत नाही. अशा माणसाला ए गटाच्या पेशी मिळाल्या की ही प्रतिद्रव्यं त्यांना चिकटतात, कॉम्प्लिमेंट नावाची प्रथिनांची साखळी जागी होते आणि पेशी रक्तवाहिनीतच फुटतात. मोकळं झालेलं हिमोग्लोबिन रक्तद्रवात मिसळून त्याला गुलाबी करतं आणि प्रमाण वाढलं की लघवीत उतरतं. त्याच साखळीतून सुटलेल्या द्रव्यांनी ताप येतो, कंबर दुखते, बीपी उतरतं. पुढे मूत्रपिंडाला इजा होऊ शकते आणि रक्त गोठण्याची यंत्रणा बिघडून टाक्यांमधून, कॅन्युलाच्या तोंडातून रक्त पाझरू लागतं.

किती रक्त आत गेलं यावर बरंच अवलंबून असतं. तीस-चाळीस मिलिलिटरनेही गंभीर रिअ‍ॅक्शन होऊ शकते, पण तेवढ्यावर थांबवलेला पेशंट आणि पूर्ण बॅग गेलेला पेशंट यांच्या पुढच्या वाटा फार वेगळ्या असतात. पहिली पंधरा मिनिटं रक्त हळू सोडायचं आणि पेशंटजवळ थांबायचं, हा नियम याच कारणासाठी आहे.

केस: सात नंबरची खाट

पेशंट ४६ वर्षांची बाई, वजन ५० किलो, गर्भाशयातल्या गाठींमुळे महिनोन्महिने जास्त रक्तस्राव, हिमोग्लोबिन ६.४. फाइलवर गट ओ पॉझिटिव्ह. लाल पेशींची एक बॅग लावायची ठरलं.

१०:४० वाजता वॉर्डसाठी दोन बॅगा ब्लड बँकेतून एकत्र आल्या. एक सात नंबरसाठी, दुसरी नऊ नंबरसाठी. दोघींचं आडनाव एकच, आणि नोंदणी क्रमांकाचे शेवटचे आकडे एकीचे ४१२७, दुसरीचे ४१७२.

१०:५० ला सुरुवातीच्या नोंदी झाल्या: तापमान ३६.८ अंश सेल्सिअस, नाडी ९२, बीपी ११८/७४, श्वास १६, ऑक्सिजन ९८ टक्के. या नोंदी रुटीन वाटतात, पण पुढे ताप 'किती वाढला' हे ठरवायला दुसरा आधार नसतो. सुरुवातीचा आकडाच लिहिला नसेल तर ३८.१ हा नवा ताप आहे की सकाळपासूनचा, हे कोणीच सांगू शकत नाही.

बॅगेची पडताळणी नर्सिंग स्टेशनवर झाली. एका सिस्टरने बॅगेवरचा क्रमांक वाचला, दुसरीने फॉर्मवर टिक केली. बॅग आणि फॉर्म एकमेकांशी तंतोतंत जुळत होते, कारण दोन्ही नऊ नंबरच्याच पेशंटचे होते. ज्या हातात ते रक्त जायचं होतं, त्या हातावरचा पट्टा कोणी पाहिला नाही.

११:०५ ला बॅग सुरू झाली, मिनिटाला ४० थेंब. वापरलेल्या सेटवर २० थेंबांना १ मिलिलिटर असं छापलेलं होतं, म्हणजे मिनिटाला २ मिलिलिटर.

११:१३ ला पेशंट म्हणाली, "सिस्टर, हात जळजळतोय." कॅन्युलाची जागा पाहिली, सूज नव्हती. चिकटपट्टी सैल केली. ही पहिली सूचना होती. रक्त जात असलेल्या शिरेच्या वाटेने होणारी जळजळ हे चुकीच्या गटाच्या रिअ‍ॅक्शनचं जुनं, नोंदलेलं लक्षण आहे, आणि बऱ्याचदा ते कॅन्युलावर ढकललं जातं.

११:१८ ला तिला हुडहुडी भरली. कंबरेत कळ येत होती, ती उठून बसायला बघत होती आणि "मला काहीतरी होतंय, थांबवा" असं पुन्हा पुन्हा म्हणत होती. या घाबरण्याला मानसिक म्हणून बाजूला सारू नका. पेशंटला वाटणारी ही विनाकारण भीती रिअ‍ॅक्शनच्या लक्षणांच्या यादीत गणली जाते. बऱ्याचदा बीपी उतरण्याच्या आधीच ती दिसते.

सिस्टरने त्याच क्षणी क्लॅम्प बंद केला. १३ मिनिटं, २ मिलिलिटरच्या वेगाने, म्हणजे सुमारे २५ मिलिलिटर आत गेलं होतं.

पहिली कृती: थांबवा, पण लाइन घालवू नका

थांबवण्यासाठी डॉक्टरची परवानगी लागत नाही. वेग कमी करून 'बघू जरा' म्हणणं हा थांबवण्याचा पर्याय नाही. आधी क्लॅम्प, मग थर्मामीटर. पुष्कळ ठिकाणी उलटं होतं: आधी ताप मोजतात, मग बीपीचा पट्टा शोधतात, तोवर आणखी दहा-बारा मिलिलिटर गेलेलं असतं.

आता एक बारीक गोष्ट, जी पाठ्यपुस्तकात एका ओळीत संपते आणि वॉर्डात हमखास चुकते. क्लॅम्प बंद केला तरी सेटच्या नळीत आणि ड्रिप चेंबरमध्ये रक्त शिल्लक असतं. त्याच सेटला सलाईन जोडून सोडलं, तर नळीतलं ते सगळं रक्त आधी पेशंटच्या शिरेत ढकललं जातं. म्हणून सेट कॅन्युलाच्या तोंडाशीच काढायचा, त्याचं टोक निर्जंतुक टोपीने बंद करायचं, आणि कॅन्युलाला नवा सेट लावून ०.९ टक्के सलाईन सुरू करायचं. कॅन्युला मात्र काढायची नाही. बीपी ७० पर्यंत उतरल्यावर नवी शीर मिळवणं म्हणजे काय, हे ज्यांनी केलंय त्यांना सांगायला नको.

काढलेली बॅग आणि सेट कचऱ्यात जाता कामा नयेत. बॅग दाबून रिकामी करायची नाही, सेट बॅगेपासून वेगळा करायचा नाही, सुई असेल तर ती तेवढी सुरक्षितपणे काढायची. सगळं स्वच्छ प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून बाजूला ठेवा. पुढच्या तपासाचा निम्मा पुरावा तिथेच आहे.

११:२० च्या नोंदी अशा होत्या: तापमान ३८.१, नाडी ११८, बीपी ९६/६०, श्वास २४, ऑक्सिजन ९५ टक्के. ताप १.३ अंशांनीच वाढला होता. नुसता तापाचा आकडा पाहिला असता तर कोणीही त्याला साधी रिअ‍ॅक्शन म्हटलं असतं. बीपी, नाडी आणि कंबरदुखी यांनी चित्र पालटलं.

दुसरी कृती: बॅग पुन्हा वाचा, या वेळी खाटेजवळ

लाइनवर सलाईन सुरू झालं की पुढच्या दोन मिनिटांत एक जण पेशंटजवळ थांबतो आणि दुसरा बॅग हातात घेऊन तिथेच उभं राहून वाचतो. क्रम पेशंटपासून सुरू होतो. आधी तिला पूर्ण नाव सांगायला सांगा. "तुम्ही अमुकच ना?" असं विचारलं तर थंडीने कुडकुडणारी बाई काहीही 'हो' म्हणेल. मग हातातला पट्टा, त्यावरचं नाव आणि नोंदणी क्रमांक, आकडा न् आकडा मोठ्याने वाचत. मग बॅगेला लावलेली क्रॉसमॅचची चिठ्ठी. मग बॅगेच्या मूळ लेबलवरचा क्रमांक, गट, रक्त घेतल्याची तारीख आणि मुदत संपण्याची तारीख. बॅग क्रमांक लेबलवर एक आणि चिठ्ठीवर दुसरा असाही घोळ होऊ शकतो, म्हणून दोन्ही वाचायचे.

या केसमध्ये ११:२२ ला हे सापडलं: पट्ट्यावर शेवटचे आकडे ४१२७, चिठ्ठीवर ४१७२. पट्ट्यावर ओ पॉझिटिव्ह, बॅगेवर ए पॉझिटिव्ह. बॅग २८० मिलिलिटरची, मुदतीत, दिसायला निर्दोष. बॅगेत काहीच खोट नव्हती, ती फक्त चुकीच्या खाटेवर लागली होती.

बॅगेकडे नुसतं नजरेनेही पाहायचं असतं. रंग काळपट जांभळा झालाय का, गुठळ्या आहेत का, वरचा द्रव लालसर आहे का, बॅग फुगल्यासारखी वाटते का? यातलं काही दिसलं तर जंतुसंसर्गाची किंवा बॅगेतच पेशी फुटल्याची शंका घ्यायची. बॅग चांगली दिसते म्हणून जंतुसंसर्ग नाही, असं मात्र म्हणता येत नाही.

आणि सगळं जुळलं तर? तर सुटकेचा श्वास टाकू नका. क्रॉसमॅचसाठी पाठवलेला नमुनाच दुसऱ्या पेशंटचा असेल, म्हणजे नळीवर एकीचं नाव आणि आत दुसरीचं रक्त असेल, तर ब्लड बँकेने त्या चुकीच्या रक्ताशी अगदी बरोबर जुळणारी बॅग पाठवलेली असते. मग पट्टा, चिठ्ठी, लेबल, फॉर्म, सगळं सुरळीत जुळतं आणि तरीही आत ए विरुद्ध ओ चाललेलं असतं. नमुना घेऊन झाल्यावर स्टेशनवर जाऊन नळ्यांना लेबलं चिकटवण्याच्या सवयीतून हा प्रकार घडतो. म्हणून लक्षणं बोलकी असतील तर कागद जुळले तरी तपास पूर्ण करायचाच.

तिसरी कृती: दोन फोन

एक फोन डॉक्टरला, दुसरा ब्लड बँकेला. दुसरा फोन नंतर सवडीने करायचा नसतो. कारण असं: बॅगांची अदलाबदल झाली असेल तर चुकीच्या बॅगेचा जोडीदार कुठेतरी आहे. या केसमध्ये तो नऊ नंबरच्या खाटेशेजारच्या ट्रॉलीवर होता, सेट लावून तयार.

तो लागला असता तर काय झालं असतं? ओ गटाच्या लाल पेशी ए गटाच्या पेशंटला. बहुधा काहीच झालं नसतं, निदान त्या तासात तरी नाही, कारण ओ पेशींवर ए आणि बी दोन्ही प्रतिजनं नसतात. म्हणजे अदलाबदलीत सापडलेल्या दोघींपैकी एकच 'बोलते'. दुसरीकडे शांतता आहे म्हणून तिकडे गडबड नाही, असं समजून चालत नाही. आणि जोडी ए-ओ ऐवजी ए-बी असती, तर दोन्ही खाटांवर एकाच वेळी हाहाकार झाला असता. ११:२४ ला फोनवर बॅगेचा क्रमांक सांगताच ब्लड बँकेच्या तंत्रज्ञाने पहिला प्रश्न विचारला, "त्याच वेळी नेलेली दुसरी बॅग कुठे आहे?" ती तशीच परत मागवली गेली.

फोनवर काय सांगायचं ते थोडक्यात असावं: वॉर्ड, पेशंटचा नोंदणी क्रमांक, बॅग क्रमांक, बॅगेचा गट आणि पेशंटचा गट, सुरू केल्याची व थांबवल्याची वेळ, अंदाजे किती गेलं, लक्षणं. 'रिअ‍ॅक्शन आलीय' एवढ्यावरून तिकडच्या माणसाला काहीही करता येत नाही.

चौथी कृती: पेशंट सांभाळणं

डॉक्टर ११:२५ ला आले. ऑक्सिजन लावला, दुसऱ्या हातात जाड कॅन्युला टाकली, ५०० मिलिलिटर सलाईन अर्ध्या तासात सोडलं. लघवीची नळी टाकली. ११:४० ला ६० मिलिलिटर लघवी आली, तांबूस-तपकिरी.

इथून पुढचं लक्ष दोन गोष्टींवर: बीपी आणि दर तासाची लघवी. लघवी तासाला किलोमागे निदान ०.५ ते १ मिलिलिटर हवी, म्हणजे या पेशंटसाठी २५ ते ५० मिलिलिटर. ती द्रव देऊन टिकवायची. फ्युरोसेमाइड द्यायचंच असेल तर आधी शरीरात पुरेसं पाणी आहे, बीपी सावरलंय, याची खात्री हवी. कोरड्या पेशंटला ते दिलं तर मूत्रपिंडाचं नुकसानच होईल. सलाईन देऊनही बीपी उचलत नसेल तर नॉरअ‍ॅड्रिनॅलिनसारखं औषध आणि अतिदक्षता विभाग, यात वेळ काढू नये. उलट हृदय कमजोर असलेल्या किंवा वयस्कर पेशंटला भसाभस सलाईन दिलं तर फुप्फुसात पाणी साचतं, म्हणून प्रत्येक बाटलीनंतर छाती ऐकायची.

अ‍ॅलर्जीचं इंजेक्शन आणि हायड्रोकॉर्टिसोन यांच्याबद्दल स्पष्ट बोललं पाहिजे. थंडी वाजली की ही दोन इंजेक्शनं ठोकायची, दहा मिनिटं थांबायचं आणि तीच बॅग पुन्हा सुरू करायची, ही वॉर्डातली फार रुळलेली पद्धत आहे. अंगावर नुसतं पित्त उठलं असेल, ताप नाही, बीपी ठीक, श्वास मोकळा, तर अ‍ॅलर्जीचं औषध देऊन देखरेखीखाली बॅग पुढे नेता येते. पण थंडी, ताप आणि कंबरदुखी असताना ही औषधं पेशी फुटणं थांबवत नाहीत. पेशंट गुंगीत जातो, तक्रार करणं थांबवतो आणि आपल्याला वाटतं आराम पडला. शंका असलेली बॅग पुन्हा सुरू करणं हा या सगळ्या प्रकारातला सगळ्यात महागात पडणारा निर्णय आहे.

घरघर, ओठ-जीभ सुजणं, बीपी एकदम कोसळणं असं असेल तर मात्र ती तीव्र अ‍ॅलर्जी समजून अ‍ॅड्रिनॅलिन मांडीच्या स्नायूत, प्रौढांना ०.५ मिलिग्रॅम, ताबडतोब. तिथे निदानाची वाट पाहायची नाही.

पाचवी कृती: नमुने, आणि ते कसे घ्यायचे

नमुने दुसऱ्या हातातून, ज्यात रक्त किंवा सलाईन जात नाही अशा शिरेतून. सुई जाड, पिस्टन हळू ओढायचा, नळीत रक्त जोराने मारायचं नाही. घाईत बारीक सुईने ओढलेल्या नमुन्यात पेशी सिरिंजमध्येच फुटतात आणि रक्तद्रव गुलाबी होतो. मग तो गुलाबीपणा रिअ‍ॅक्शनचा की आपल्या हाताचा, हे कोणालाच सांगता येत नाही. तपासाचा सगळ्यात सोपा धागा असा आपणच तोडून टाकतो.

ब्लड बँकेसाठी ईडीटीए आणि साधी, अशा दोन नळ्या, खाटेजवळच लेबल लावून. त्याबरोबर बॅग, सेट आणि भरलेला रिअ‍ॅक्शन फॉर्म. प्रयोगशाळेसाठी हिमोग्लोबिन आणि प्लेटलेट, क्रिएटिनिन, पोटॅशियम, बिलिरुबिन, एलडीएच, रक्त गोठण्याच्या चाचण्या आणि फायब्रिनोजेन. ताप ३९ च्या वर असेल, दोन अंशांहून जास्त वाढला असेल किंवा बीपी उतरलं असेल तर पेशंटचं ब्लड कल्चर पाठवायचं. बॅगेतल्या रक्ताचं कल्चर ब्लड बँक करते. जंतुसंसर्गाची शंका खरी वाटत असेल तर प्रतिजैविक सुरू करायला कल्चरच्या निकालाची वाट पाहत नाहीत. आणि पहिली आलेली लघवी, जिचा रंग बदललाय तीच, टाकून न देता पाठवायची.

ब्लड बँक पहिल्यांदा जे करते ते फार साधं आहे. रिअ‍ॅक्शननंतरची नळी यंत्रात फिरवतात आणि तिच्याशेजारी क्रॉसमॅचसाठी आलेला जुना नमुना धरतात. आपल्या पेशंटच्या जुन्या नळीतला द्रव फिकट पिवळा होता, नवीतला स्पष्ट गुलाबी. पाच-दहा मिनिटांत मिळणारं हे उत्तर बाकीच्या चाचण्यांच्या कितीतरी आधी येतं. दुसरी चाचणी म्हणजे डायरेक्ट कूम्ब्स, जी पेशंटच्या शरीरातल्या लाल पेशींवर प्रतिद्रव्यं किंवा कॉम्प्लिमेंट चिकटलीत का ते दाखवते. इथे ती पॉझिटिव्ह आली. पण आलेल्या सगळ्या परक्या पेशी फुटून गेल्या असतील तर चिकटायला काही उरतच नाही आणि चाचणी निगेटिव्ह येते. म्हणून निगेटिव्ह कूम्ब्सवर केस बंद करायची नसते. तिसरी, पेशंटच्या जुन्या-नव्या दोन्ही नमुन्यांचा आणि बॅगेचा गट पुन्हा तपासणं आणि क्रॉसमॅच पुन्हा लावणं. इथे दोन्ही नमुने ओ आले, बॅग ए आली, क्रॉसमॅच जुळला नाही. याचा अर्थ नमुना घेताना चूक नव्हती. चूक खाटेजवळ झाली होती.

लघवीचं वाचनही समजून घेण्यासारखं आहे. पट्टीवर 'रक्त' पॉझिटिव्ह, पण सूक्ष्मदर्शकाखाली लाल पेशी नाहीत, आणि लघवी फिरवली तरी वरचा द्रव लालच राहतो: म्हणजे हे मोकळं हिमोग्लोबिन. नळी टाकताना इजा होऊन रक्त आलं असतं तर लाल पेशी तळाशी बसल्या असत्या आणि वरचा द्रव स्वच्छ झाला असता.

कधीकधी रक्तद्रव गुलाबी, लघवी लाल, पण कूम्ब्स निगेटिव्ह आणि गट-क्रॉसमॅच सगळं जुळतं. अशा वेळी पेशी पेशंटच्या शरीरात पोचण्याआधीच फुटल्या होत्या का, ते पाहायचं. बॅग गरम पाण्यात बुडवली होती का, साध्या फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवली होती का, त्याच लाइनमध्ये ५ टक्के डेक्स्ट्रोज चालू होतं का? रक्ताच्या लाइनमध्ये ०.९ टक्के सलाईनखेरीज काही नको, हा नियम इथूनच आलाय. डेक्स्ट्रोजमध्ये पेशी फुटतात, आणि रिंगर लॅक्टेटमधल्या कॅल्शियममुळे सेटमध्ये गुठळ्या होऊ शकतात.

वेळ काय सांगते

लक्षण कोणत्या मिनिटाला सुरू झालं याची नोंद वॉर्डाच्या हातातली सर्वांत मोलाची माहिती आहे. चुकीच्या गटाची रिअ‍ॅक्शन, तीव्र अ‍ॅलर्जी आणि जंतू असलेली बॅग ही तिन्ही सहसा पहिल्या काही मिनिटांत ते पहिल्या अर्ध्या तासात तोंड वर काढतात. साधा ताप बहुधा बॅगेच्या उत्तरार्धात किंवा संपल्यानंतर येतो, बॅग संपल्यावर चार तासांपर्यंत. धाप लागणं हे मुख्य लक्षण असेल आणि बीपी चढलेलं असेल तर द्रवाचा भार जास्त झालाय अशी शंका घ्यायची, तो बारा तासांपर्यंत केव्हाही दिसू शकतो. धाप लागली, पण बीपी उतरलंय आणि ताप आहे, असं सहा तासांच्या आत झालं तर फुप्फुसाची तीव्र इजा मनात ठेवायची.

या खिडक्या काटेकोर नाहीत, पण एक नियम मी कधीच मोडणार नाही: पहिल्या पंधरा मिनिटांत आलेला ताप चुकीचा गट नाही हे सिद्ध होईपर्यंत साधा समजायचा नाही.

भूल दिलेल्या पेशंटमध्ये यातलं बरंचसं गायब असतं. तो थंडी वाजली म्हणत नाही, कंबर दुखते म्हणत नाही. तिथे कारण न कळणारं उतरलेलं बीपी, लाल लघवी आणि शस्त्रक्रियेच्या जागेतून थांबत नसलेलं पाझरणं, एवढ्यावरच ओळखावं लागतं.

फाइलमध्ये काय लिहायचं

'रक्त देताना रिअ‍ॅक्शन, इंजेक्शन दिलं, पेशंट स्थिर' ही नोंद कोणाच्याही उपयोगाची नाही. या केसची नोंद अशी होती:

बॅग: लाल पेशी, २८० मिलि, ए पॉझिटिव्ह, बॅग क्रमांक आणि मुदतीची तारीख लेबलवरून जशीच्या तशी. ब्लड बँकेतून बाहेर १०:४०, सुरू ११:०५, वेग मिनिटाला २ मिलि. ११:१३ हात जळजळणं. ११:१८ हुडहुडी, कंबरदुखी, अस्वस्थता. त्याच वेळी बंद, अंदाजे २५ मिलि गेलं. ११:२० ताप ३८.१, नाडी ११८, बीपी ९६/६०. ११:२२ पट्टा आणि चिठ्ठी यांत तफावत. ११:२४ ब्लड बँकेला फोन. ११:३५ नमुने. ११:४० तांबूस लघवी ६० मिलि. ११:५५ बीपी १०८/६८.

घडताना जे घडलं तेवढंच, मिनिटांसकट. 'कोणामुळे' हा शब्द या पानावर नको. त्याचा तपास वेगळ्या कागदावर आणि वेगळ्या बैठकीत होतो. ११:१३ ची जळजळ मात्र नंतर आठवून लिहिली असेल तर तसं नमूद करायचं. पेशंटला आणि घरच्यांनाही त्याच दिवशी सांगायचं, जबाबदार डॉक्टरने, सरळ शब्दांत: दुसऱ्या गटाचं थोडं रक्त गेलं, ते थांबवलं आहे, मूत्रपिंडावर लक्ष ठेवून आहोत.

पुढचे दिवस

संध्याकाळपर्यंत लघवीचा रंग निवळला. क्रिएटिनिन सकाळी ०.९ होतं, दुसऱ्या दिवशी १.४ झालं आणि तिसऱ्या दिवशी १.१ वर उतरलं. प्लेटलेट आणि फायब्रिनोजेन हलले नाहीत. २५ मिलिलिटरवर थांबल्याचा हा फायदा. पहिले चोवीस तास दर सहा-आठ तासांनी रक्त गोठण्याच्या चाचण्या आणि पोटॅशियम पुन्हा करावं लागतं, कारण पहिला रिपोर्ट चांगला आल्यानंतरही ते बिघडू शकतात.

तिचं हिमोग्लोबिन अजून सहाच्या आसपासच होतं, म्हणजे रक्ताची गरज होतीच. त्यासाठी जुना नमुना वापरला नाही. नवा नमुना घेतला, गट दोन वेगवेगळ्या वेळी घेतलेल्या नमुन्यांवर तपासला आणि मग ओ पॉझिटिव्ह बॅग दुसऱ्या दिवशी दुपारी लावली. पडताळणी खाटेजवळ झाली, दोघींनी वेगवेगळी केली. एकीने वाचायचं आणि दुसरीने मान डोलवायची, असं नाही. मिनिटाला १ मिलिलिटरने सुरुवात, पंधरा मिनिटं सिस्टर खाटेपाशी, त्यानंतर वेग वाढवला. थंड कपाटातून बाहेर काढल्यापासून चार तासांच्या आत बॅग संपवायची असते, ती तीन तासांत संपली.

डिस्चार्जच्या कागदावर रिअ‍ॅक्शनची नोंद, बॅगेचा गट आणि तारीख गेली. सोबत एक सूचनाही लिहिली: येत्या दोन आठवड्यांत डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली, ताप आला किंवा थकवा पुन्हा वाढला तर लगेच यावं. परक्या पेशी दिल्यानंतर शरीर एबीओखेरीज इतर प्रतिजनांविरुद्धही प्रतिद्रव्यं बनवू शकतं आणि त्याची उशिरा होणारी रिअ‍ॅक्शन साधारण तीन ते चौदा दिवसांत दिसते. त्यामुळे पुढच्या वेळी रक्त लागलं, मग ते कुठल्याही रुग्णालयात असो, अशा पेशंटच्या नमुन्यावर प्रतिद्रव्यांची तपासणी आधी करून घ्यायची.